५५ मिलिमीटरचं घड्याळ कुणाच्या मनगटासाठी होतं?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलातल्या नॅव्हिगेटरसाठी बनवलेल्या ‘बी-ऊर’ घड्याळाची केस तब्बल ५५ मिलिमीटर व्यासाची होती. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याने बारा कंपन्यांकडून घेतलेली घड्याळं मात्र साधारण ३५ ते ३८ मिलिमीटरची. मग जर्मनांची मनगटं काय दीडपट रुंद होती? अर्थातच नाही. बी-ऊर उघड्या मनगटावर घालायचंच नव्हतं. त्याला लांबलचक चामडी पट्टा असे आणि ते जाड फ्लाइट जॅकेटच्या बाहीवरून बांधत. माप बाहीचं होतं, हाताचं नव्हे.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की आज घड्याळ घेताना आपण विचारतो, “पट्टा कितीचा? २० की २२?” हा आकडा फक्त दोन कानांमधली जागा सांगतो. कान म्हणजे केसला वर-खाली असलेले, पट्टा अडकवायचे दांडे, ज्यांना ‘लग’ म्हणतात. हातावर घड्याळ कसं बसेल हे ठरतं वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतच्या अंतरावर, म्हणजे ‘लग-टू-लग’वर.

आता तुमचं मनगट मोजा. घेर नको, रुंदी हवी. तळवा खाली करून हात टेबलावर ठेवा, घड्याळ बांधता तिथे दोन्ही बाजूंना एकेक पुस्तक उभं टेकवा आणि मधलं अंतर पट्टीने मोजा. समजा ५२ आलं. मनगट कडेला गोलावतं, म्हणून वरचा सपाट भाग त्याहून थोडा कमी, ४८ धरू.

सैकोचं एसकेएक्स००७ घ्या. व्यास साडेबेचाळीस, म्हणजे ऐकायला मोठं. पण कान आखूड, लग-टू-लग सुमारे ४६. तुमच्या हातावर ते नीट मावेल. याउलट ४० व्यासाचं पण ५१ लग-टू-लगचं घड्याळ कागदावर लहान असूनही सपाट भागाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर बाहेर जाईल. तिथे पट्टा कातडीला न चिकटता सरळ खाली उतरतो आणि कानाखाली फट दिसते. पट्ट्याला जादा भोक पाडलंत तरी ती फट जात नाही, कारण चूक पट्ट्यात नाहीच.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. कान खाली वळलेले असतील तर एखाद-दोन मिलिमीटर खपून जातात. सरळ, ताठ कान तेवढी सूट देत नाहीत. आणि निर्णय मोबाइलच्या फोटोवरून घेऊ नका. जवळून काढलेल्या फोटोत घड्याळ फुगतं. आरशासमोर हात सोडून उभे राहा, खरं प्रमाण तिथे कळतं.

बी-ऊरच्या प्रतिकृती आज ३९-४० मिलिमीटरमध्येही मिळतात, ते याचसाठी. मधली बाही गेली, की माप बदलायलाच हवं.