विशेष आर्थिक क्षेत्रातील कंपनी : खातरजमा आणि परिणाम

विशेष आर्थिक क्षेत्र, बोलीभाषेत ‘सेझ’, ही जागा देशाच्या नकाशावर भारतातच असते. पण 2005च्या कायद्यातील कलम 53नुसार मान्यताप्राप्त कामांच्या बाबतीत ती सीमाशुल्क क्षेत्राच्या बाहेरची मानली जाते. म्हणूनच एखाद्या गिऱ्हाइकाने ‘आम्ही सेझमध्ये आहोत, बिलात कर लावू नका’ असे सांगितले, की विक्रेत्याला ते तपासून घ्यावेच लागते. दावा खोटा ठरला, तर न घेतलेला कर विक्रेत्याकडूनच वसूल होतो.

निव्वळ पत्त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. अंधेरीच्या सीप्झचे आवार बंदिस्त असल्याने तिथे फारसा गोंधळ होत नाही. पण हिंजवडीत सेझमधल्या आणि सेझबाहेरच्या इमारती एकाच आयटी पार्कात आहेत. डिसेंबर 2023मध्ये नियम आणखी बदलले. आता माहिती तंत्रज्ञान सेझमधल्या इमारतीचा एखादा संपूर्ण मजला, परवानगी घेऊन, सवलतीच्या क्षेत्रातून वेगळा काढता येतो. तेव्हा एकाच लिफ्टने जाणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक सेझमध्ये आणि दुसरी बाहेर असू शकते.

खरा पुरावा म्हणजे विकास आयुक्तांचे मान्यतापत्र. व्यवहारात त्याला ‘एलओए’ म्हणतात. हे पत्र कंपनीला सरसकट नव्हे, तर ठरावीक जागेतल्या युनिटला मिळते आणि त्या युनिटने कोणते काम करायचे तेही त्यात लिहिलेले असते. उत्पादन किंवा सेवा सुरू झाल्यापासून ते पाच वर्षे चालते आणि पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे पत्राची प्रत हाती आल्यावर नाव, जागा, मुदत आणि मंजूर काम या चारही गोष्टी वाचाव्यात. मुदत संपलेले पत्र पाठवून देणारे गिऱ्हाईक लबाडच असते असे नाही. कित्येकदा नूतनीकरणाचे नवे पत्र त्याच्याच फायलीत पडून असते. ते मागून घ्यावे.

दुसरी तपासणी घरबसल्या होते. सेझमधल्या युनिटला जीएसटीची वेगळी नोंदणी घ्यावी लागते. त्याच कंपनीच्या बाहेरच्या कार्यालयाचा क्रमांक इथे चालत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर Search Taxpayer मध्ये क्रमांक टाकला, की Taxpayer Type समोर SEZ Unit किंवा SEZ Developer असे दिसायला हवे. तिथे Regular दिसले, तर बहुधा खरेदी विभागाने कंपनीच्या दुसऱ्याच शाखेचा क्रमांक दिलेला असतो. नेहमीची चूक हीच.

एक उदाहरण घेऊ. समजा, वसईचा एक व्यापारी सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्याला 2,00,000 रुपयांचे यंत्र विकतो आणि त्यावर 18 टक्के कर आहे. दोन्ही पक्ष महाराष्ट्रातले, म्हणून तो सवयीने केंद्राचा 9 आणि राज्याचा 9 टक्के कर लावतो. हे चूक. सेझला केलेला पुरवठा कायद्याने आंतरराज्य ठरतो, म्हणजे लागू होतो तो एकात्मिक कर, आणि तोही शून्य दराने. व्यापाऱ्याने त्या आर्थिक वर्षाचे हमीपत्र, म्हणजे ‘एलयूटी’, आधी भरलेले असेल, तर 36,000 रुपयांचा कर न लावता बिल करता येते. कर भरून परतावा मागायचा असेल, तर माल पूर्णपणे सेझमध्ये आला आणि तो मंजूर कामासाठीच आहे, असा तिथल्या विनिर्दिष्ट अधिकाऱ्याचा शेरा हवा. शेरा नसेल, तर परताव्याचा अर्ज अडतो. केंद्र-राज्याचा कर आधीच भरून झाला असेल, तर एकात्मिक कर नव्याने भरून जुना परत मागावा लागतो. नव्याने भरायच्या एकात्मिक करावर व्याज मात्र लागत नाही.

‘मंजूर कामासाठी’ ही अट 1 ऑक्टोबर 2023पासून शून्य दराच्या तरतुदीतच घातली गेली. युनिटने घेतलेली प्रत्येक वस्तू आता आपोआप करमुक्त होत नाही. सेवांच्या बाबतीत आवाराची भिंत महत्त्वाची नसते, हेही इथे सांगायला हवे. सेझ युनिटच्या कामासाठी आलेल्या माणसांना शहरातल्या हॉटेलाने दिलेली खोलीही आंतरराज्य पुरवठा ठरते, असे जून 2018च्या परिपत्रकाने स्पष्ट केले.

उलट दिशेचा व्यवहार खरेदीदाराला महागात पडू शकतो. सेझमधून बाहेर आलेला माल आयात झाल्यासारखा धरतात, त्याचे बिल ऑफ एन्ट्री भरावे लागते आणि सीमाशुल्कही द्यावे लागते. स्वस्त म्हणून मागवलेल्या मालाचा हिशेब इथे फिरतो.

आयकराची सवलत मात्र सेझमध्ये असण्याने सिद्ध होत नाही. कलम 10अअची दारे नव्या युनिटांना बंद झालेली आहेत, आणि जुन्यांची सवलतही पंधरा वर्षांच्या टप्प्यांत संपत जाते.

कामगारांना या कंपन्यांत वेगळा कायदा लागतो, हा समज खोटा आहे. केंद्र सरकारला सेझपुरते इतर कायदे शिथिल करता येतात. पण कामगार संघटना, औद्योगिक विवाद आणि कामगार कल्याणाचे कायदे कलम 49ने त्या अधिकारातून वगळलेले आहेत.