शीर्षकरचना, मोबाइल शोधयादीतील : पावसच्या हापूसचे उदाहरण

ऑनलाइन बाजारात वस्तूच्या नावाची ओळ मोबाइलच्या पडद्यावर मध्येच तुटते आणि पुढे तीन टिंबे दिसतात. तुटण्याआधीच्या भागात गिऱ्हाइकाला निवड करण्यापुरती माहिती येईल, अशा क्रमाने ती ओळ लिहिणे म्हणजे शीर्षकरचना. चैत्र-वैशाखात ‘हापूस’ शोधले की एकसारख्या पिवळ्या फळांच्या छायाचित्रांची रांग लागते. त्यामुळे रत्नागिरीच्या दक्षिणेला असलेल्या पावस परिसरातील बागायतदाराला हा क्रम फार जपावा लागतो.

शीर्षकाची कमाल मर्यादा वेगळी आणि दिसणारा भाग वेगळा. अ‍ॅमेझॉनवर जानेवारी 2025 मध्ये बहुतेक विभागांत 200 अक्षरांची मर्यादा लागू झाली आणि एकच शब्द दोनपेक्षा जास्त वेळा वापरण्यास मनाई झाली. गुगलच्या खरेदी-यादीत 150 अक्षरे चालतात, पण बहुतेकांना पहिली 70 किंवा त्याहून कमीच दिसतात, असे गुगल स्वतःच विक्रेत्यांना सांगते. नेहमी आढळणाऱ्या घडणीचे एक शीर्षक पाहा :

```
Premium Quality 100% Natural Fresh Farm Direct
Carbide Free Ratnagiri Hapus Alphonso Mango
GI Tagged Pawas 2 Dozen 200-250 g
```

हे सलग एका ओळीत मोजले, तर सत्तर अक्षरे ‘रत्नागिरी’पाशीच संपतात. ‘हापूस’ हा शब्द पडद्यावर येतच नाही. किती डझन, केवढे फळ, हे तर फारच लांब राहते. आधीची जागा ज्या विशेषणांनी खाल्ली, ती शेजारच्या प्रत्येक विक्रेत्याकडेही आहेत. कार्बाइडने फळ पिकवायला तर कायद्यानेच बंदी आहे. ते न वापरल्याचे शीर्षकात सांगून आपला माल वेगळा ठरत नाही. त्या माहितीची जागा खालच्या वर्णनात.

त्याच मालाचे दुसरे शीर्षक 66 अक्षरांत बसते :

```
Ratnagiri Hapus Mango 2 Dozen,
200-250 g each, Pawas, GI, Alphonso
```

यात तिसाव्या अक्षरापर्यंत प्रदेश, जात, फळ आणि नग येऊन जातात, म्हणजे लहान पडद्यावर ओळ लवकर तुटली तरी सौदा कळतो. वजन लगेच मागोमाग ठेवण्यामागे कोकणातलीच एक अडचण आहे. इथे फळाचा आकार पेटीवरून सांगतात : त्याच मापाच्या पेटीत चार डझन बसले तर फळ मोठे, सहा-सात डझन बसले तर लहान. पुण्या-मुंबईबाहेरच्या गिऱ्हाइकाला हा हिशेब ठाऊक नसतो. तो डझनाचा भाव तेवढा पाहतो, आणि लहान फळाचा स्वस्त डझन मोठ्या फळाच्या डझनावर मात करतो. वजन दिसले की तुलना खरी होते.

पावसचे नाव मागे ठेवताना गावकऱ्याला जड जाईल. पण स्वामी स्वरूपानंदांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले हे गाव आंबा शोधताना फारसे कोणी टाइप करणार नाही. लोक ‘रत्नागिरी’ लिहितात. ‘अल्फान्सो’ शेवटी चालतो, कारण शोधयंत्रणा सहसा पूर्ण शीर्षक वाचते, डोळा मात्र तुटलेलेच वाचतो. शोधात सापडण्यापुरते लागणारे शब्द म्हणूनच शेपटीला टाकावेत. ‘GI’ ही दोन अक्षरे मात्र नोंदणीकृत वापरकर्त्यानेच लिहावीत. 2018 मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी आहे, पण बाग तिथे असली म्हणून चिन्ह वापरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

एकाच बागेचे एक, दोन आणि पाच डझनांचे खोके स्वतंत्र नोंदींनी विकले जातात, तेव्हा फरक सांगणारा आकडा मागे राहिल्यास तिन्ही नावे पडद्यावर सारखीच दिसतात आणि चुकीची ऑर्डर येते. आमरसाच्या डब्यावरही आंब्याचेच चित्र असते, म्हणून तिथे ‘पल्प’ आणि वजन फळाच्या नावाला लागूनच हवे. शीर्षक बिघडल्याचे लक्षण असे : नोंद उघडून पाहणारे पुष्कळ, घेणारे थोडे, आणि आलेल्या तक्रारींत ‘फळ लहान निघाले’ हेच पुन्हा पुन्हा.

मराठीत शीर्षक लिहिताना मोजणी फसवते. ‘रत्नागिरी’ वाचणाऱ्याला चार अक्षरांचे वाटते, पण संगणक काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे धरून नऊ मोजतो. रकान्याची मर्यादा या नऊंनी भरते. पडद्यावरची ओळ मात्र बहुधा रुंदीवर तुटते. म्हणून आकड्यांवर विसंबू नये. साध्या, लहान पडद्याच्या फोनवर, अक्षरांचा आकार मोठा करून आपलाच माल शोधावा आणि टिंबे कुठे पडतात ते पाहावे. ती ‘2’ आणि ‘डझन’ यांच्या मध्ये पडत असतील, तर त्याआधीचा एखादा शब्द काढावा लागेल.