कारागृह प्रवेशावेळची मानसिक आरोग्य तपासणी व सुटकेनंतरचे उपचार

कारागृहात दाखल होणाऱ्या बंद्याला पूर्वीचा मानसिक आजार, चालू औषधे, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न यांविषयी विचारले जाते. पहिल्या दिवशीची भीती किंवा दारू सुटल्याची थरथर आजार झाकू शकते, म्हणून काही दिवसांनी फेरतपासणी लागते. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कारागृहांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत मानसोपचाराचे प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे.

उपचाराचा धागा बहुधा सुटकेच्या वेळी तुटतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या कच्च्या कैद्याला अचानक जामीन मिळाला, तर तो गोळ्या आणि उपचारपत्राविना बाहेर पडू शकतो. औषध थांबल्याने काही आठवड्यांत भास परतू शकतात. जामिनाची तारीख आधी कळत नाही, त्यामुळे उपचारपत्र आणि जवळच्या जिल्हा रुग्णालयाचा संदर्भ उपचार सुरू होतानाच तयार ठेवावा लागतो.