ईद नक्की कधी?

उलवे असो की खाडीपलीकडची मुंबई, ईदची तारीख विचारली तर दोन उत्तरं मिळू शकतात. दाऊदी बोहरांना ती आधीच ठाऊक असते. फातिमी काळापासूनच्या त्यांच्या मिसरी कॅलेंडरात महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे, रमजान नेहमी ३०चा. खरा चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणून ३० वर्षांत ११ दिवस वाढवून हिशेब जुळवतात.

सुन्नी मशिदी २९व्या संध्याकाळी चंद्र दिसल्याची साक्ष मागतात. ढगांमुळे ती मिळाली नाही, तर महिना ३०चा.

पण चंद्र दिसणंच अशक्य असताना कुणी ‘पाहिला’ म्हणालं तर? १४व्या शतकातले शाफई न्यायपंडित तकीउद्दीन सुबकी म्हणाले, गणित निश्चित असतं, साक्ष चुकू शकते, ती नाकारा. १९३९ मध्ये इजिप्तचे अहमद शाकिर पुढे गेले: लोकांना हिशेब येत नव्हता, म्हणून पाहण्याचा नियम होता, कारण सरलं, नियमही सरला. विरोधकांचं उत्तर: पैगंबरांनी पाहायला सांगितलं, मोजायला नाही.

म्हणजे भांडण चंद्राच्या जागेबद्दल नाहीच. चंद्र पाहणं हे तारीख कळण्याचं साधन आहे की खुद्द धर्माची अट, एवढाच प्रश्न आहे.