पुनरागमनाची कसोटी : केदार जाधव यांची हॅमस्ट्रिंगची दुखापत आणि ऑक्टोबर २०१८ मधील निवडीचा वाद

प्रस्तावना

दि. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथील मैदानावर भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातील एकदिवसीय मालिकेचा तिसरा सामना झाला. भारताने तो ४३ धावांनी गमावला. भारतीय संघात त्या दिवशी सातव्या क्रमांकावर गोलंदाज भुवनेश्वर कुमार फलंदाजीस आले, कारण मधल्या फळीत खेळून गोलंदाजीही करणारा खेळाडू संघात नव्हता. हे काम एरवी पुण्याचेच केदार जाधव करीत असत. आपण तंदुरुस्त आहोत असे ते सांगत होते, तर निवड समितीला त्याची खात्री पटलेली नव्हती. वादाचे मूळ मांडीच्या मागील बाजूच्या एका स्नायूत होते.

हा वाद त्या वेळी निवड समिती आणि खेळाडू यांच्यातील संवादाच्या अभावाचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला. त्यामागे एक वैद्यकीय प्रश्नही होता. फाटलेला स्नायू पुन्हा वेगाने धावण्यास योग्य झाला, हे कोणत्या पुराव्यावर ठरवायचे? प्रस्तुत लेखात जाधव यांच्या दुखापतींचा सार्वजनिक नोंदींतील घटनाक्रम आणि या दुखापतीविषयीचे वैद्यकीय ज्ञान एकत्र ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

दुखापतीचे स्वरूप

हॅमस्ट्रिंग हा एक स्नायू नसून मांडीच्या मागील तीन स्नायूंचा गट आहे. बैठकीच्या हाडापासून निघून तो गुडघ्याच्या खाली दोन्ही बाजूंस जोडला जातो. गुडघा वाकविणे आणि मांडी मागे खेचणे ही त्याची दोन कामे होत. भरधाव धावताना मात्र त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो तो पाय पुढे फेकला जाऊन जमिनीवर टेकण्याच्या क्षणभर आधी. त्या वेळी गुडघा सरळ होत असतो, म्हणजे स्नायू लांबत असतो. आणि त्याच वेळी पुढे झेपावणाऱ्या पायाला लगाम घालण्यासाठी तो जोराने आवळलेलाही असतो. लांबत असताना आवळण्याच्या या अवस्थेतच तंतू तुटतात. बहुतेक वेळा ही जागा गटातील बाहेरच्या, म्हणजे बायसेप्स फिमोरिस या स्नायूच्या लांब शीर्षात, स्नायू आणि कंडरा यांच्या सांध्यावर असते.

खेळाडूला हे कळते ते अचानक. मागून कोणी काठी मारली असे वाटते, काहींना फट्‌ असा आवाज आल्याचा भास होतो, आणि पुढचे पाऊल टाकता येत नाही. हळूहळू वाढत गेलेल्या दुखण्यापेक्षा हा प्रकार वेगळा असतो, आणि निदानाचा पहिला धागा या वर्णनातच मिळतो. क्रिकेटमध्ये दोन यष्ट्यांमधील धाव आखूड असली, तरी पॅड बांधून, हातात बॅट घेऊन, पूर्ण वेगातून एकदम थांबून फिरायचे असते. त्यामुळे वेगाचा ताण आणि वाकून लांब पोहोचण्याचा ताण असे दोन्ही प्रकारचे ताण एकाच धावेत येतात.

श्रेणी आणि त्यांची मर्यादा

स्नायूंच्या दुखापतींची तीन श्रेणींत विभागणी अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक डॉन ओ'डोनोह्यू यांच्या १९६२ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. पहिल्या श्रेणीत थोडेच तंतू तुटतात. दुखते, परंतु ताकद जवळजवळ शाबूत असते. दुसऱ्या श्रेणीत स्नायूचा काही भाग फाटतो. खेळाडू लंगडतो, गुडघा जोर लावून वाकविता येत नाही आणि एक-दोन दिवसांत मांडीवर काळेनिळे उमटते. तिसऱ्या श्रेणीत स्नायू किंवा त्याची कंडरा पूर्ण तुटते. हाताला खळगा लागतो, आणि अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

चुंबकीय प्रतिमाचित्रण, म्हणजे एमआरआय, आल्यावर ही विभागणी अधिक नेमकी झाली. जान एकस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये युरोपातील २३ व्यावसायिक फुटबॉल संघांतील अशा दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिमेत काहीच दोष न दिसलेले खेळाडू सरासरी ८ दिवसांत परतले. केवळ सूज दिसलेल्यांना १७ दिवस, अंशतः फाटलेल्यांना २२ दिवस आणि पूर्ण फाटलेल्यांना ७३ दिवस लागले. मात्र सरासरीइतकाच तिच्याभोवतीचा फरकही बोलका आहे. केवळ सूज असलेल्या गटात तो १० दिवसांचा, तर पूर्ण फाटलेल्या गटात ६० दिवसांचा होता. याचा अर्थ असा की श्रेणीवरून खेळाडूंच्या समूहाचा अंदाज करता येतो. समोरच्या एका खेळाडूची परतण्याची तारीख त्यावरून सांगता येत नाही.

श्रेणीची दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. किती तंतू तुटले हे ती सांगते. भरून आलेला भाग ताण सोसू शकेल काय, हे ती सांगत नाही. जखमेच्या जागी तयार होणारी व्रणऊती मूळ स्नायूसारखी लवचीक नसते, आणि वेदना गेल्यानंतरही मेंदू त्या पायाचा पूर्ण जोर वापरू देत नाही. चालताना किंवा हलके धावताना ही उणीव जाणवत नाही. पूर्ण वेगात ती उघडी पडते. म्हणूनच पूर्वी फाटलेला स्नायू हे पुढील दुखापतीचे सर्वांत भरवशाचे पूर्वलक्षण मानले जाते.

दहा महिन्यांचा घटनाक्रम

डिसेंबर २०१७ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेतून जाधव हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीमुळे बाहेर पडले आणि त्यांच्या जागी वॉशिंग्टन सुंदर यांची निवड झाली. दि. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथील सामन्यात त्यांना पुन्हा याच स्नायुगटाचा त्रास झाला आणि पुढील सामना ते खेळू शकले नाहीत.

त्यानंतर बरोबर ५९ दिवसांनी, दि. ७ एप्रिल रोजी, मुंबईतील वानखेडे मैदानावर चेन्नई सुपर किंग्ज संघाकडून फलंदाजी करताना त्यांची मांडी पुन्हा दुखावली. जखमी म्हणून ते तंबूत परतले. नऊ गडी बाद झाल्यावर मात्र ते लंगडत मैदानात आले आणि शेवटच्या षटकात एक षटकार व एक चौकार मारून त्यांनी सामना जिंकून दिला. या खेळीचे कौतुक झाले, परंतु त्यांचा उरलेला हंगाम तेथेच संपला.

भारतीय संघात ते पुन्हा दिसले सप्टेंबरमध्ये, संयुक्त अरब अमिरातीतील आशिया चषक स्पर्धेत. मध्ये पाच महिन्यांहून अधिक काळ गेला होता. पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २३ धावांत ३ गडी बाद केले. परंतु दि. २८ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात बांगलादेशाविरुद्ध खेळताना १९ धावांवर त्यांना पुन्हा जखमी म्हणून परतावे लागले. या वेळीही ते परत आले आणि अखेरच्या चेंडूवर विजयाची धाव झाली तेव्हा तेच फलंदाज होते.

या घटनाक्रमाकडे पाहताना एक सावधगिरी आवश्यक आहे. वृत्तपत्रांत प्रत्येक वेळी ‘हॅमस्ट्रिंग’ हा एकच शब्द येतो. त्याच जागेची दुखापत उलटणे आणि दुसऱ्या पायाचा किंवा शेजारचा स्नायू नव्याने दुखावणे या वैद्यकदृष्ट्या भिन्न घटना आहेत. बातमीत त्यांना एकच नाव मिळते. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोन महिने असोत वा पाच, केवळ दिवस मोजून परतण्याची योग्यता ठरली नाही.

देवधर करंडक आणि पुराव्याचा प्रश्न

वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेच्या सुरुवातीस जाधव संघात नव्हते. आपली तंदुरुस्ती सिद्ध करण्यासाठी ते दिल्लीत देवधर करंडक स्पर्धेत भारत ‘अ’ संघाकडून खेळले. स. प. महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नावाची ही स्पर्धा एका पुणेकर खेळाडूच्या स्नायूची परीक्षा ठरावी, हा योगायोग होता.

दि. २५ ऑक्टोबर रोजी उरलेल्या तीन सामन्यांसाठी संघ जाहीर झाला आणि त्यात त्यांचे नाव नव्हते. आपण आवश्यक त्या सर्व चाचण्या पार केल्या असून वगळण्याचे कारण आपणास ठाऊक नाही, असे त्यांनी सांगितले. निवड समितीचे अध्यक्ष एम. एस. के. प्रसाद यांनी उत्तरादाखल दुखापतींच्या इतिहासाकडे बोट दाखविले. तंदुरुस्त म्हणून परतल्यावर जाधव पुन्हा जायबंदी झाल्याचे प्रसंग घडले होते. त्यामुळे त्यांना आणखी एक सामना खेळताना पाहण्याची समितीची इच्छा होती. परंतु त्याच दिवशी भारत ‘अ’ संघ हरला आणि तो सामना मिळाला नाही.

येथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या पुराव्याविषयी बोलत होत्या. चाचणी त्या दिवसाची क्षमता दाखविते, तर इतिहास पुढील काही आठवड्यांतील धोका दाखवितो. वैद्यकीय अभ्यास दोहोंना जागा देतो. मार्क शेरी आणि थॉमस बेस्ट यांनी २००४ मध्ये २४ खेळाडूंवर केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. केवळ ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम केलेल्या ११ पैकी ६ जणांना परतल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांतच पुन्हा दुखापत झाली. चपळाईच्या हालचाली आणि धडाचे नियंत्रण क्रमाने वाढवीत नेलेल्या १३ पैकी कोणालाही या काळात ती झाली नाही. संख्या लहान आहे; पण स्नायूला प्रत्यक्ष खेळातील हालचालींची सवय झाली आहे काय, हा प्रश्न त्यातून ठळक झाला.

स्वीडनचे कार्ल आस्कलिंग यांनी २०१० मध्ये मांडलेली चाचणी याच विचाराची आहे. नेहमीच्या तपासणीत खेळाडू निर्दोष ठरल्यावर त्याला उताणे झोपवून, गुडघा सरळ बांधून, पाय शक्य तितक्या वेगाने वर उचलावयास सांगतात. वेदना नसूनही त्याला पायाची शाश्वती वाटली नाही, तर त्याला अजून सोडू नये असे ते म्हणतात. क्रिकेटपटूच्या बाबतीत याच्यापुढची पायरी म्हणजे पूर्ण वेगाने पळून वळणे, दोन-तीन धावा सलग काढणे आणि थकलेल्या अवस्थेत क्षेत्ररक्षणाची धाव घेणे. आधी अशा सरावाचे काही दिवस, मग कमी महत्त्वाचा सामना आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय सामना, हा क्रम तर्काला धरून आहे. समितीची आणखी एका सामन्याची अपेक्षा या अर्थाने अवाजवी नव्हती. ती खेळाडूला आधी सांगितलेली नव्हती, हा मात्र तिचा दोष होता.

निष्कर्ष

पुण्यातील पराभवानंतरच्या सामन्यात, दि. २९ ऑक्टोबर रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर, जाधव संघात होते आणि भारताने तो सामना २२४ धावांनी जिंकला. दि. १८ जानेवारी २०१९ रोजी मेलबर्न येथे त्यांच्या नाबाद ६१ धावांनी ऑस्ट्रेलियातील मालिका जिंकण्यास हातभार लावला, आणि त्याच वर्षी ते विश्वचषकही खेळले. अर्थात, या यशावरून समितीची शंका चूक होती असे म्हणता येत नाही. आणि आशिया चषकातील दुखापतीवरून आधीची वैद्यकीय परवानगी चूक होती असेही म्हणता येत नाही. पुनरागमनाचा निर्णय हा धोक्याच्या मोजमापाचा निर्णय असतो आणि एका निकालाने तो खरा-खोटा ठरत नाही.

या प्रकरणातून दिसते ते एवढेच की श्रेणी, दिवस, चाचणी आणि सामना हे चार वेगळे पुरावे आहेत आणि एकाचे काम दुसरा करू शकत नाही. त्यांपैकी कोणता पुरावा केव्हा मागितला जाईल हे खेळाडू, वैद्य आणि निवडकर्ते यांच्यात आधी ठरले असते, तर गहुंजेच्या सामन्यापूर्वीचे दोन दिवस कदाचित वेगळे गेले असते.