पुण्यात फ्लॅट घ्यायचा की भाड्याने राहायचं? आधी सात वर्षांचा हिशेब मांडा

निपाणी, बेळगाव, चिकोडी, खानापूर भागातली पोरं शिकून पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात. नोकरी लागते, लग्न होतं, दोघंही कमावते असतात. मग वर्षभरात गावाकडून एकच प्रश्न सुरू होतो, "भाडं भरून पैसे वाया कशाला घालवता? तेवढ्यात हप्ता भरा, घर तरी आपलं होईल." ऐकायला हे पटतं. पण भाड्याएवढ्या पैशात त्याच घराचा हप्ता बसतो का, हे कागदावर कुणी मांडत नाही. आज तेच मांडू.

उदाहरणासाठी एक जोडपं धरू. नवरा निपाणीचा, बायको बेळगावची, दोघंही तिशीच्या आतले, नोकरी हिंजवडीला. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 10 हजार. वाकडच्या बाजूला दोन बेडरूमचा तयार फ्लॅट 70 लाखाला सांगितलाय. तसल्याच फ्लॅटचं भाडं 22 हजार धरू. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची पद्धत हीच राहील.

पहिल्या दिवशी किती पैसे लागतात?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखाच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते. म्हणजे 56 लाख कर्ज, 14 लाख आपले. एवढ्यावर भागत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. हे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे इथे 70 हजार वाचतात. पण नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की ती सवलत मिळत नाही. आपण दोघांच्या नावावर धरू. वकील, बँकेचं शुल्क, ग्रिल, पंखे, रंग यांना 80 हजार धरले तर एकूण 20 लाख रुपये पहिल्याच झटक्यात लागतात.

या 20 लाखातले 5 लाख 20 हजार सरकारजमा झाले. उद्या फ्लॅट विकायला काढला तरी ते परत मिळत नाहीत. घेण्याचा निर्णय लवकर फिरवला की तोटा होतो तो मुख्यतः इथे.

हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती?

56 लाखाचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत 20 वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता साधारण 48 हजार 600 येतो. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून महिन्याला 4 हजार धरा. म्हणजे घर घेतलं तर महिना 52 हजार 600, भाड्याने राहिलं तर 22 हजार. फरक 30 हजाराच्या वर आहे. त्यामुळे "भाड्याच्या पैशात हप्ता बसतो" हे या फ्लॅटपुरतं तरी खरं नाही.

दुसरं म्हणजे पहिल्या वर्षी भरलेल्या 5 लाख 83 हजारातले जवळजवळ 4 लाख 72 हजार नुसत्या व्याजात जातात. मुद्दल फिटतं 1 लाख 11 हजार. पाच वर्षं इमानेइतबारे 29 लाख भरल्यावरही 56 लाखातले 49 लाख 35 हजार बाकीच असतात. भाडं वाया जातं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं, कारण पहिल्या काही वर्षांत व्याजही तसंच जातं, आणि इथे ते भाड्यापेक्षा जास्त आहे.

पाच वर्षांनी काय, दहा वर्षांनी काय?

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवू. भाड्याने राहणारं जोडपं तेच 20 लाख बँकेत ठेवतं आणि हप्ता-भाड्यातला फरक दर महिन्याला बाजूला टाकतं. त्यावर कर जाऊन 6 टक्के सुटतात असं धरू. भाडं दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढतं, आणि पाच वर्षांत घर बदलणं, एजंटचं कमिशन, टेम्पो यात 1 लाख जातात, तेही वजा करू. पाच वर्षांनी त्यांच्याकडे साधारण 45 लाख 50 हजार जमतात.

घर घेतलेल्या जोडप्याने पाच वर्षांनी फ्लॅट विकला असं समजा. किंमत दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढली तर फ्लॅट 93 लाख 68 हजाराला जातो. एजंटचे 2 टक्के आणि उरलेलं कर्ज फेडल्यावर हातात साडेबेचाळीस लाख राहतात. म्हणजे भाडेकरू 3 लाखांनी पुढे. किंमत 4 टक्क्यांनीच वाढली तर भाडेकरू 11 लाखांनी पुढे जातो. 8 टक्क्यांनी वाढली तर मात्र घर घेणारा 6 लाखांनी पुढे. विक्रीच्या नफ्यावरचा कर यात धरलेला नाही. तो भरावा लागला तर घर घेणाऱ्याची रक्कम आणखी कमी होते.

तोच हिशेब 6 टक्के वाढीने दहा वर्षांपर्यंत नेला तर चित्र उलटतं. घर घेणाऱ्याच्या हातात 83 लाख 65 हजार, भाडेकरूच्या हातात 75 लाख. कारण हप्ता तोच राहतो आणि भाडं 22 वरून 34 हजारावर गेलेलं असतं. दोन्ही रेषा एकमेकींना मिळतात ते सातव्या वर्षाच्या आसपास.

म्हणून "घ्यावं की राहावं" याच्या आधीचा प्रश्न असा आहे: या शहरात, याच भागात, आपण सात वर्षं नक्की राहणार आहोत का? दोघांपैकी एकाची बदली बेंगळुरूला होऊ शकते, कंपनी बदलून ऑफिस हिंजवडीहून खराडीला गेलं तर रोज अख्खं शहर पार करावं लागतं, आणि आई-वडिलांसाठी गावाकडे परतायचा विचार असेल तर तोही याच हिशेबात येतो. उत्तर "सांगता येत नाही" असेल तर भाडं बरं. आणि भागात दर वर्षाला 4 टक्केच वाढत असतील तर दहा वर्षांनीही भाडेकरू जवळपास 13 लाखांनी पुढेच असतो. त्यासाठी त्याच सोसायटीत पाच वर्षांपूर्वी झालेल्या विक्रीचा दर आणि आजचा दर विचारून बघा. बिल्डरच्या जाहिरातीतला दर धरू नका.

भाडेकरूचा हिशेब कुठे फसतो?

वरचं गणित एका अटीवर उभं आहे. महिन्याचे ते 30 हजार खरंच बाजूला पडले पाहिजेत. बहुतेकांचं ते पडत नाहीत. मोठी गाडी येते, हॉटेल वाढतं, पैसे कुठे गेले कळत नाही. काहीच बाजूला टाकलं नाही तर पाच वर्षांनी भाडेकरूकडे फक्त त्या 20 लाखाचे पावणेसत्तावीस लाख असतात, आणि घर घेणाऱ्याकडे साडेबेचाळीस. हप्ता माणसाला सक्तीने बचत करायला लावतो, ही घराची खरी ताकद. म्हणून घर घ्यायच्या आधी सहा महिने भाड्याच्या घरात राहूनच हप्त्याएवढे पैसे काढून बघा. म्हणजे पगाराच्या दिवशीच भाडं सोडून 30 हजार आपोआप रिकरिंग खात्यात जातील अशी सोय करा. सहा महिने ते न मोडता टिकलं तर दोन्ही रस्ते मोकळे आहेत. टिकलं नाही तर हप्ताही झेपणार नाही, हे कर्ज काढायच्या आधीच कळतं.

घर घेणाऱ्याचा हिशेब कुठे फसतो?

दोन ठिकाणी. पहिलं, एक पगार थांबला तर. बँक दोघांचा पगार एकत्र धरून कर्ज मंजूर करते. 1 लाख 10 हजारात 52 हजार 600 जाऊन घर चालतं. पण मूल झालं, एकाने वर्षभर नोकरी सोडली आणि हातात 60 हजारच येऊ लागले, तर खायला-प्यायला 7 हजार 400 उरतात. त्यामुळे मोठा पगार बंद पडला असं धरून हिशेब करा, आणि निदान सहा हप्ते भरतील एवढी रक्कम त्या 20 लाखांच्या वेगळी ठेवा. इथे ती सुमारे 3 लाख होते.

दुसरं, ते 20 लाख कुणाचे? आपल्याकडे बरेचदा ते वडिलांच्या निवृत्तीचे, आईच्या दागिन्यांचे किंवा विकलेल्या तंबाखूच्या रानाचे असतात. पोराच्या पाच वर्षांच्या हिशेबात ते नुसता आकडा असतात, पण म्हाताऱ्यांसाठी ती दवाखान्याची सोय असते. ती रक्कम घ्यायचीच असेल तर परत कधी आणि कशी द्यायची हे घरात आधी ठरवा.

बांधकाम सुरू असलेला फ्लॅट स्वस्त दिसतो, पण त्याच्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही भरावं लागतं. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. नोंदणीकृत करार व्हायच्या आधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हा रेराचा नियम आहे. प्रकल्पाचा नंबर maharera.maharashtra.gov.in वर टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा.

बेंगळुरूला काय फरक पडतो?

हिशेब तोच. कर्नाटकात नोंदणी शुल्क 31 ऑगस्ट 2025 पासून 1 वरून 2 टक्के झालं, त्यामुळे 70 लाखाच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क धरून सरकारी खर्च साधारण 5 लाख 30 हजार, म्हणजे पुण्याएवढाच. पण तिथे ए-खाता की बी-खाता हे पहिल्यांदा विचारायचं. बी-खात्याच्या मिळकतीवर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत, आणि पुढे विकताना गिऱ्हाईकही तेच विचारतं. भाड्याने राहायचं तर बेंगळुरूत डिपॉझिट पुण्यापेक्षा बरंच जास्त मागतात, कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं. ते परत कधी आणि किती कापून मिळणार, हे करारात लिहून घ्या.

पुण्यात भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवलेल्या करारावरून वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. "नोंदणीची काय गरज" असं म्हणणाऱ्या मालकाला हे सांगून बघा.

आमच्या उदाहरणातल्या जोडप्याचं उत्तर यातूनच निघतं. हातात 20 लाख आहेत, पण सहा हप्त्यांचे 3 लाख वेगळे नाहीत, आणि दोन वर्षांत मुलाचा विचार आहे. त्यांनी सध्या भाड्याने राहावं, महिन्याचे 30 हजार बाजूला टाकावेत आणि तीन वर्षांनी, पगार वाढल्यावर, हाच कागद पुन्हा मांडावा. तोवर त्यांच्याकडे 35 लाखाच्या आसपास जमलेले असतील. फ्लॅट तेव्हा 80 लाखाच्या वर गेलेला असेल, तरी कर्ज 56 लाखापेक्षा फारसं वाढवावं लागणार नाही.