इंग्रजीतील 'र'चा उच्चार

इंग्रजीच्या काही बोलींत लिहिलेला प्रत्येक 'र' उच्चारला जातो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी, तसेच स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ही पद्धत आहे. या बोली रकारयुक्त. लंडनच्या प्रमाण बोलीत मात्र 'र' फक्त स्वरापूर्वी ऐकू येतो. ही बोली रकारलोपी.

मीरा-भाईंदर या शहरनावावरूनच हा भेद नीट कळतो. लंडनकर 'भाईंदर वेस्ट' म्हणताना शेवटचा 'र' गाळील, कारण पुढे व्यंजन आहे. 'भाईंदर ईस्ट'मध्ये पुढे स्वर येताच तो परत येतो. गंमत पुढेच आहे: 'मीरा अँड भाईंदर' म्हणताना अनेकांच्या तोंडी 'मीरार अँड' असे येते. लिखाणात नसलेला हा 'र' दोन स्वर सांधायला येतो.

मराठी 'र'मध्ये जिभेचे टोक वरच्या दातांमागे निसटता आघात करते, आणि 'पार्क', 'कार्ड' यांत रफारही स्पष्ट वाजतो. म्हणून मराठी भाषकाला रकारयुक्त इंग्रजी जवळची: 'र' कुठे उच्चारायचा हे स्पेलिंगच सांगते. बदलायचे ते एवढेच, की जिभेचे टोक टाळूजवळ न्यायचे, पण टेकवायचे नाही.

खरी अडचण सरमिसळीची. 'कार'मध्ये 'र' वाजतो आणि 'पार्क'मध्ये गळतो, तेव्हा ऐकणाऱ्याला उच्चाराचा अंदाज बांधता येत नाही. 'कार पार्क' ध्वनिमुद्रित करून ऐकावे: दोन्हीकडे 'र' असावा, किंवा दोन्हीकडे नसावा. नव्या विद्यार्थ्याने रकारयुक्त पद्धत निवडावी; रकारलोपी पद्धत ब्रिटिश उच्चारांचीच गरज असेल तेव्हा.